बाराशेचा आयपीएम आणि साडेसहा हजारांचं काम

प्रश्न: दादा, आमचं घर मांद्रेला, समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, चौथं वर्ष चालू आहे. जुलैच्या पावसात रात्री एमसीबी पडला. वर केला तर इनडोअर चालू होतो, पण थोड्या वेळाने कम्युनिकेशनचा एरर येतो आणि आउटडोअर ढिम्म. कंपनीचा माणूस म्हणाला, बोर्डात पाणी गेलंय, आयपीएम उडालाय, पूर्ण बोर्डाचे १६,८०० रुपये, वॉरंटीत बसत नाही. म्हापशातला एक जण ६,५०० म्हणतो, दुसरा ३,०००. इंटरनेटवर आयपीएम बाराशे-चौदाशेला दिसतो. मग बाकीचे पैसे कसले? लूट आहे का ही?

उत्तर:

तिघांनी तुम्हाला एकाच कामाचे तीन भाव सांगितलेले नाहीत, तीन वेगळ्या कामांचे सांगितलेत. पहिला बोर्ड बदलणार आहे. दुसरा, नीट काम करणारा असेल तर, बोर्ड धुऊन दुरुस्त करणार आहे. तिसरा फक्त उडालेला आयपीएम, म्हणजे कॉम्प्रेसर चालवणारा पॉवर मॉड्यूल, काढून नवा लावणार आहे. तुमच्या घराला समुद्राचं वारं लागतं, त्यामुळे तिघांत मला सर्वांत महाग वाटतो तो तीन हजारवाला. का, ते सांगतो. मी पंधराएक वर्षं हेच बोर्ड बाकावर घेऊन बसतोय आणि त्यातले निम्मे पावसाळ्यात येतात.

आधी तुमच्या एररबद्दल, कारण तिथेच पुष्कळांची दिशा चुकते. आउटडोअरमध्ये २३० व्होल्टचा एसी सप्लाय आला की ब्रिज रेक्टिफायर त्याचा डीसी करतो आणि तो मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतो. मशीन उभं असताना हा साधारण ३२५ व्होल्ट असतो. कॉम्प्रेसर चालू झाला की बऱ्याच मॉडेलांत पीएफसी नावाचं सर्किट तो आणखी वर नेतो. आयपीएम म्हणजे सहा इलेक्ट्रॉनिक स्विच एका काळ्या ठोकळ्यात. दोन-दोनच्या तीन जोड्या, प्रत्येक जोडीच्या मधून कॉम्प्रेसरची एक तार निघते: यू, व्ही आणि डब्ल्यू. जोडीतला वरचा स्विच डीसीच्या प्लसला, खालचा मायनसला. दोन्ही एकाच वेळी चालू झाले की प्लस आणि मायनस सरळ एकमेकांना भिडतात. कॅपॅसिटरमधली सगळी ताकद मायक्रोसेकंदांत त्या जोडीतून जाते आणि ती जोडी कायमची शॉर्ट होते. तुमचा एमसीबी पडला तो बहुधा याच क्षणी.

आता एमसीबी परत वर केल्यावर काय होतं बघा. सप्लाय सुरुवातीला एका पीटीसीमधून येतो, म्हणजे कॅपॅसिटर एकदम झटका न देता हळू भरावेत म्हणून ठेवलेल्या रेझिस्टरमधून. पुढे आयपीएम शॉर्ट असेल तर कॅपॅसिटर भरतच नाहीत. पीटीसी तापून सप्लाय जवळजवळ अडवून धरतो. बोर्डावरच्या लहान पॉवर सप्लायला व्होल्टेज मिळत नाही, मायक्रो, म्हणजे बोर्डाचा मेंदू असलेली चिप, जागा होत नाही, आणि इनडोअर हाका मारून थकला की कम्युनिकेशनचा एरर दाखवतो. बोर्डावरचा फ्यूज उडालेला असला तरी हेच होतं. म्हणजे आयपीएम खरोखर मेला असेल तर आयपीएमचा एरर बहुतेक वेळा येतच नाही, कारण तो सांगायला कोणी जागं नसतं. उलट डिस्प्लेवर आयपीएमचा एरर येत असेल तर मायक्रो, पॉवर सप्लाय आणि कम्युनिकेशन तिन्ही शाबूत असतात आणि कित्येकदा आयपीएमसुद्धा. तो एरर जाम झालेल्या कॉम्प्रेसरमुळे येतो, हीटसिंकची पेस्ट वाळल्यामुळे येतो, १५ व्होल्टचा सप्लाय खाली बसल्यामुळे येतो, कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवरची एक तार सैल झाल्यामुळेही येतो. एररचं नाव वाचून आयपीएम मागवणारे मी पाहिलेत. तुमच्या बाबतीत मात्र आधी एमसीबी, मग कम्युनिकेशन हा क्रम कंपनीच्या माणसाच्या निदानाशी जुळतो. तो खोटं बोलत नाही.

फक्त ‘आयपीएम उडालाय’ एवढ्यावर निदान संपत नाही. तो का उडाला हे उरतंच, आणि तुम्ही विचारलेले ‘बाकीचे पैसे’ त्या उत्तराचे आहेत.

एक बोर्ड सांगतो. केरी-तेरेखोलच्या बाजूला एका होमस्टेमधला दीड टनाचा एसी. जूनमध्ये बंद पडला, कोणीतरी आयपीएम बदलून दिला, नऊ दिवस चालला. परत उडाला, परत बदलला. दुसरा तर त्याच संध्याकाळी गेला. मालक बोर्ड पिशवीत घालून माझ्याकडे आले तेव्हा पाच हजार खर्च होऊन गेले होते आणि चवथीला पाहुणे येणार म्हणून ते घायकुतीला आले होते.

बोर्डावर जुनं काही दिसत नव्हतं. हिरवा गंज नाही, जळाल्याचा काळा डाग नाही. मल्टिमीटर डायोडवर ठेवून आयपीएम मोजला. चांगल्या आयपीएममध्ये लाल काडी एनवर, म्हणजे डीसीच्या मायनसवर, आणि काळी यूवर ठेवली की ०.४ व्होल्टच्या आसपास काहीतरी येतं, उलट केली की काहीच येत नाही. तसंच यूपासून पीकडे, म्हणजे डीसीच्या प्लसकडे. सहाही ठिकाणी आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. इथे यू आणि डब्ल्यू ठीक होते. व्ही मात्र पीशीही शून्य आणि एनशीही शून्य. मग मालकांकडून आधीचे दोन उडालेले मॉड्यूल मागवले. सुदैवाने त्यांनी ते टाकले नव्हते. दोन्हींत व्हीच गेलेला.

हा खरा धागा. कॉम्प्रेसर खराब असता किंवा व्होल्टेज वर-खाली होऊन मॉड्यूल गेला असता, तर दर वेळी एकच जोडी जायचं कारण नव्हतं. तरी खात्री म्हणून कॉम्प्रेसरच्या तारा बोर्डापासून सोडवून मोजायला लावल्या. तिन्ही वाइंडिंग १.३ ओहम, सारखी. ५०० व्होल्टच्या मेगरने, म्हणजे जास्त व्होल्टेज देऊन गळती शोधणाऱ्या मीटरने, मोजलं तर बॉडीशी गळती नाही. हे मोजमाप केल्याशिवाय कोणी नवा आयपीएम लावत असेल तर तो तुमच्या पैशांनी नशीब आजमावतोय. कॉम्प्रेसरचं वाइंडिंग बॉडीला लागलेलं असेल तर नवा मॉड्यूल पहिल्याच सुरुवातीला जातो.

मग मॉड्यूल उतरवला. वीस-पंचवीस पिना, त्यातल्या पॉवरच्या जाड आणि तांब्याच्या रुंद पट्ट्यांना जोडलेल्या. सगळ्या एकदम गरम केल्याशिवाय तो निघत नाही आणि घाई केली तर भोकातलं तांबं सोबत उपटून येतं. एका मॉड्यूलला अर्धा-पाऊण तास सहज जातो. खाली बघितलं तर आधीच्या दोघांनी लावलेला फ्लक्स तसाच चिकटलेला. बोर्डावर कारखान्यातून आलेलं पारदर्शक कोटिंग सोल्डरिंग करताना जळून गेलेलं आणि परत कोणी लावलेलं नाही. म्हणजे बोर्डाचा सर्वांत नाजूक कोपरा, किनाऱ्यावर, उघडा.

आयपीएमच्या एका बाजूला ३२५ व्होल्टच्या पिना असतात. दुसऱ्या बाजूला बारीक पिनांची रांग असते, तिथे १५ व्होल्टचा सप्लाय आणि मायक्रोकडून येणारे सहा सिग्नल अगदी शेजारी-शेजारी असतात. व्हीच्या खालच्या स्विचचा सिग्नल १५ व्होल्टच्या पिनेच्या बाजूलाच होता. त्या सिग्नलच्या वाटेतला छोटा रेझिस्टर उचलला, म्हणजे ती पॅड बाकीच्या सर्किटपासून सुटली, आणि तिच्यापासून १५ व्होल्टच्या पट्टीपर्यंत मोजलं. तिथे काहीच यायला नको होतं. आले सहा-सात मेगओहम. एवढ्याने मॉड्यूल मरत नाही. त्यावर तोंडाने वाफ सोडली, आकडा धाडकन खाली आला आणि वाळल्यावर परत चढला. मग बोर्ड एका झाकणाच्या प्लास्टिक डब्यात ओल्या फडक्याशेजारी ठेवला, फडकं बोर्डाला न लागता. दोन तासांनी बाहेर काढून लगेच मोजलं तर २८ किलोओहम.

याचा अर्थ काय? आयपीएमच्या सिग्नलच्या पिनेला आत काही किलोओहमचा रेझिस्टर शून्य व्होल्टकडे ओढून धरत असतो, म्हणजे सिग्नल नसताना स्विच बंद राहतो. तो ५ किलोओहम धरा. स्विच चालू व्हायला त्या पिनेवर साधारण अडीच व्होल्ट लागतात, म्हणजे ५ किलोओहममधून अर्धा मिलिअँपिअर. १५ व्होल्टमधून अडीच वजा केले तर साडेबारा उरतात. साडेबारा व्होल्ट आणि अर्धा मिलिअँपिअर म्हणजे २५ किलोओहमची गळती. बोर्ड माझ्या डब्यात २८ पर्यंत आला होता. होमस्टेच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर, पाऊस अंगावर घेत, तो आणखी तीन किलोओहम खाली उतरायला कितीसा वेळ? मग मायक्रोने वरचा स्विच चालू केला असताना खालचा कोणी न सांगता चालू झाला. आयपीएममध्ये यावर संरक्षण असतं, करंट वाढला की ते मायक्रोसेकंदांत सिग्नल तोडतं. पण ते करंट मोजतं एका लहानशा शंट रेझिस्टरवरून, आणि त्याच्या फिल्टरचे रेझिस्टर-कॅपॅसिटर त्याच खाऱ्या कोपऱ्यात बसलेले होते.

इथे मिठाची एक खोड समजून घ्यायला हवी. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की स्वतःच पाणी धरून विरघळू लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते तर त्याच्या निम्म्याहून कमी आर्द्रतेतही ओलं होतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कुठे राहते ते तुम्हाला माहीत आहे. मिठाची बरणी घट्ट लावली नाही तर आत काय होतं ते घरात रोज दिसतं, बोर्डावर तेच होतं. म्हणून किनाऱ्यावरच्या एसीमध्ये पाण्याची धार आत गेलेली असायचीच गरज नाही. मिठाचा पातळ थर वर्षभर साचतो, पावसाळ्यात ओला होतो, आणि खाली १५ किंवा ३२५ व्होल्ट असतील तर दोन पट्ट्यांमध्ये तांबं विरघळून बारीक तंतूंसारखं वाढतही जातं.

आणि म्हणूनच हेअर ड्रायरने वाळवलेला बोर्ड दुकानात चालतो आणि घरी चार दिवसांनी मरतो. वाळवल्याने पाणी गेलं, मीठ तिथेच राहिलं. आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, मारून पुसला तरी तेच. आयपीए फ्लक्स काढतो, पाणी बाहेर काढतो, पण मीठ त्यात जवळजवळ विरघळतच नाही. मीठ काढायला पाणीच लागतं. नवशिके इथे माझ्याकडे बघत राहतात. पाण्याने बिघडलेला बोर्ड मी पुन्हा पाण्यानेच धुतो, फक्त ते डिस्टिल्ड असतं, बॅटरीत घालतात ते. कोमट पाणी, मऊ ब्रश, दोन-तीन वेळा बदलून. जळकं कोटिंग आधी खरवडून काढायचं, नाहीतर मीठ त्याच्या कडेखाली दडून राहतं. शेवटी आयपीएने पाणी ओढून काढायचं आणि ६०-७० अंशांवर सहा-आठ तास ठेवायचा. ट्रान्सफॉर्मर आणि रिलेच्या पोटात पाणी अडतं, त्यामुळे या तासांत काटछाट चालत नाही.

तो बोर्ड धुऊन वाळल्यावर परत ओल्या फडक्याच्या डब्यात ठेवला. दोन तासांनी मीटर काहीच दाखवेना. तेव्हाच नवा मॉड्यूल लावला. हीच चाचणी तुम्ही तुमच्या माणसाला विचारू शकता: ‘धुतल्यावर ओलाव्यात ठेवून मोजता का?’ डबा नसेल, पण वाफ सोडून तरी बघतो का. या एका प्रश्नावर कोण काय काम करतो ते कळतं.

मॉड्यूलसोबत त्या कोपऱ्यातले शंट फिल्टरचे रेझिस्टर-कॅपॅसिटर, वरच्या स्विचांना व्होल्टेज पुरवणारे तिन्ही बूटस्ट्रॅप कॅपॅसिटर आणि फ्यूज बदलला. डीसी व्होल्टेज मोजणारी मोठ्या किमतीच्या रेझिस्टरांची माळ एकेक करून तपासली. या माळेला खार लागला तर मायक्रोला व्होल्टेज चुकीचं दिसतं आणि नसलेला ओव्हरव्होल्टेजचा एरर महिनाभर त्रास देतो. मग पहिला सप्लाय थेट द्यायचा नाही. लाइनमध्ये जुना पिवळा १०० वॉटचा दिवा सिरीजमध्ये टाकायचा. दिवा क्षणभर पेटून मंद झाला तर कॅपॅसिटर भरले, सगळं ठीक. पेटलेलाच राहिला तर अजून शॉर्ट आहे आणि नवा मॉड्यूल वाचला. कॉम्प्रेसरच्या जागी टेस्टर लावून सहाही सिग्नल बघितले, मग इनडोअरशी बोलणं, मग खरा कॉम्प्रेसर. हीटसिंकला नवी पेस्ट. मॉड्यूलचे स्क्रू आळीपाळीने थोडे-थोडे आवळायचे, नाहीतर एका बाजूने उचलला जाऊन तो तापतो. शेवटी कोटिंग, आणि ते सोल्डरच्या बाजूने पिनांच्या टोकांवरही. होमस्टेचा तो एसी त्यानंतरचा पूर्ण पावसाळा चालला.

आता पैसे. त्या कामाचा माझा हिशोब असा होता. मॉड्यूल १,४०० रुपये, लहान पार्ट ४५०, धुण्याचं आणि कोटिंगचं सामान २५०. आउटडोअर उघडून बोर्ड काढणं आणि परत बसवून दोन तास चालवून बघणं, या दोन फेऱ्यांचे १,२००. बाकावरचे पाच-सहा तास, त्याचे २,५००. उरलेले ७०० परतीसाठी. म्हणजे तीन महिन्यांत बोर्ड परत आला तर मी पुन्हा पैसे मागत नाही, आणि पाण्याचे बोर्ड परत येतात. किती नीट केलं तरी पट्टीच्या आतून खाल्लेलं एखादं भोक नंतर दगा देतं. एकूण ६,५००. तुमच्या म्हापशाच्या माणसाचा आकडाही हाच आहे हा योगायोग, पण मला तो वावगा वाटत नाही.

मॉड्यूलच्या किमतीचंही एक आहे. इंटरनेटवर जे स्वस्तात दिसतात त्यांत काढीव माल असतो, म्हणजे भंगारातल्या बोर्डावरून उतरवून पिना परत टिन करून, वरचा नंबर नव्याने छापलेला. पिनांची लांबी कमी असते, मुळाशी जुन्या सोल्डरची चकाकी असते, छपाई बोटाने घासली की पुसट होते. तो डायोडवर उत्तम मोजतो आणि लोडवर चाळीस मिनिटांत जातो. माझा माल मुंबईहून ओळखीच्या दुकानदाराकडून येतो, थोडा महाग पडतो आणि यायला दोन-तीन दिवस लागतात. पावसाळ्यात लोकांना हे दिवसच सर्वांत जड जातात.

कंपनीचे १६,८०० कशाचे? त्यांचा माणूस तुमच्या गच्चीवर सोल्डरिंग करायला येत नाही, तो पूर्ण जुडगा बदलतो. त्यात आयपीएमसोबत पीएफसी, ब्रिज, मोठे कॅपॅसिटर, मायक्रो, पंख्याचा ड्राइव्ह आणि कधी-कधी हीटसिंकही येतं. शिवाय त्या मायक्रोमध्ये तुमच्याच कॉम्प्रेसरच्या मोटरची माहिती भरलेली असते, त्यामुळे तो बोर्ड एका मॉडेलला चालतो आणि शेजारच्या मॉडेलला चालत नाही. असे बोर्ड कमी संख्येत बनतात आणि वर्षानुवर्षं गोदामात ठेवावे लागतात, त्याचाही भार किमतीवर असतो. याच कारणाने बाजारात मिळणारे कोणत्याही कॉम्प्रेसरला चालणारे किट मी लावत नाही. मोटरची माहिती जुळली नाही तर सुरुवातीलाच ट्रिप होतं किंवा करंट जास्त ओढला जातो, आणि मग जायची पाळी कॉम्प्रेसरवर येते.

तरीही कंपनीचा बोर्ड घ्यावा अशा दोन परिस्थिती आहेत. बोर्ड जळून काळा पडला असेल, म्हणजे तांबं नव्हे तर खालची फळीच कोळसा झाली असेल, तर तो धुऊन सुटत नाही. कोळसा स्वतःच वीज वाहून नेतो. लहान डाग खरवडून काढता येतो, पण ३२५ व्होल्टच्या दोन पट्ट्यांमधला असेल तर मी हात लावत नाही. दुसरी, बऱ्याच पट्ट्या आणि भोकं एकाच वेळी हिरवी पडून तुटली असतील तर. दहा ठिकाणी तारा जोडलेला बोर्ड मी चालू करून देऊ शकतो, पण त्याची हमी देऊ शकत नाही.

वॉरंटीबद्दल एक प्रयत्न करून बघा. आउटडोअरच्या बाजूच्या पाटीवर पाण्याबद्दलचा आयपी क्रमांक लिहिलेला असतो, पुष्कळ मॉडेलांवर IPX4 किंवा IP24. शेवटचा ४ म्हणजे कुठल्याही दिशेने उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षण. जेट पंपाच्या धारेपासूनचं संरक्षण ५ पासून सुरू होतं. तुमच्या कार्डावर बोर्डाची मुदत शिल्लक असेल आणि पाणी निव्वळ पावसाचं असेल, तर ‘बाहेर ठेवायच्याच मशीनमध्ये पाऊस कसा गेला’ हे लेखी विचारा आणि उघडलेल्या बोर्डाचे फोटो मागा. बहुतेक वेळा पाणी, गंज, मुंग्या आणि पालींचं कलम पुढे केलं जातं. पण वरच्या झाकणाचं सील किंवा रबर कंपनीच्याच सर्व्हिसमध्ये निसटलं असेल तर बोलायला जागा आहे. पावसाआधीच्या सर्व्हिसमध्ये जेट पंप जाळीऐवजी बोर्डाच्या पेटीवर मारला गेला असेल, तर ते पाणी जूनमध्येच आत गेलंय.

पाणी कुठून गेलं हे तुमच्या घरी जाऊन न बघता मी सांगू शकत नाही, पण पैज लावायची तर केबलवर लावेन. इनडोअरकडून येणारी तार वरून सरळ टर्मिनल पेटीत उतरत असेल तर पाऊस तिच्या अंगावरून ओघळत थेट आत जातो. पेटीच्या खाली जाऊन परत वर येणारा एक झोल दिला की तेच पाणी खालच्या वळणावरून गळून जातं. तारेच्या भोकातलं रबर आणि झाकणाचे सगळे स्क्रू आहेत का बघा. आमच्या मंडळींना सहापैकी चार स्क्रू पुरेसे वाटतात. वर पत्र्याची पाख लावली तर चालेल, पण चारी बाजूंनी हवा मोकळी हवी. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत वाफ कोंडते आणि उष्णता अडते.

घर काही आठवडे बंद ठेवणार असाल तर मेन एमसीबी पाडून जा. बोर्डावर व्होल्टेज नसेल तर ओल्या मिठातही तांब्याचे तंतू वाढत नाहीत. एसी रोज चालत असेल तरी ठीक, बोर्ड कोमट राहतो आणि वाळतो. सर्वांत वाईट ती मधली अवस्था: एमसीबी चालू, रिमोटने बंद, आणि आउटडोअर थंड, ओला, पण व्होल्टेजखाली. काही मॉडेलांत इनडोअरचा रिले आउटडोअरचा सप्लाय तोडतो, तिथे हा धोका कमी.

आत्ता एमसीबी परत-परत वर करून बघू नका. पीटीसी आणि ब्रिजही त्यात जातात आणि साडेसहाचे आठ होतात. आणि स्वतः पेटी उघडायची हौस नको. सप्लाय बंद केल्यावरही कॅपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात, आणि बहुतेक आउटडोअर बोर्डांत ५ व्होल्टची बाजूसुद्धा लाइनपासून वेगळी केलेली नसते.

साडेसहा हजारवाल्याला फोन करून विचारा: कॉम्प्रेसर मेगरने मोजणार का, बोर्ड पाण्याने धुणार का, कोटिंग परत लावणार का, आणि किती दिवसांची जबाबदारी घेणार. चारही उत्तरं सरळ आली तर त्याला द्या. बोर्डाची फळी जळलेली निघाली तर तो स्वतःच तुम्हाला कंपनीकडे पाठवेल, मग फक्त बघण्याचे पैसे द्यावे लागतील. आणि नवा बोर्ड घ्यायची वेळ आलीच तर जुना घेऊन जाऊ देण्याआधी विचारा, त्याच्या बदल्यात किमतीत किती कमी होणार. काहीच नाही म्हणाले तर तो घरी ठेवा. त्यावरचे रिले, कॅपॅसिटर आणि कॉइल उद्या तुमच्याच कुठल्यातरी एसीला लागतील.